गॅसलायटिंग: खोटं बोलणं वेगळं, समोरच्याला वेडं ठरवणं वेगळं

‘गॅसलायटिंग’ या शब्दाची जन्मकथा सांगताना बरेच जण एक गोष्ट चुकीची सांगतात. नवरा बायकोला वेडं करण्यासाठी घरातले दिवे मुद्दाम मंद करतो, असं लिहिलेलं आढळतं. मूळ कथेत तो तसं करत नाही. दिवे मंद होतात ते त्याच्या दुसऱ्याच उद्योगामुळे, आणि बायकोला वेडं ठरवण्याच्या त्याच्या बेतात दिव्यांचा समावेशच नसतो. तपशील बारीक आहे, पण मानसशास्त्रातला अर्थ आणि रोजच्या बोलण्यातला अर्थ कुठे वेगळे होतात ते त्यातूनच कळतं, म्हणून आधी ती कथा नीट पाहू.

पॅट्रिक हॅमिल्टन या ब्रिटिश लेखकाचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ साली लंडनच्या रंगभूमीवर आलं. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९४४ मध्ये हॉलिवूडमध्ये त्यावर सिनेमे निघाले. हॉलिवूडच्या सिनेमात इन्ग्रिड बर्गमन पॉला झाली आहे आणि चार्ल्स बॉयर तिचा नवरा ग्रेगरी. काळ विजेच्या आधीचा, घरात गॅसचे दिवे. पॉलाच्या मावशीचा त्याच घरात काही वर्षांपूर्वी खून झालेला असतो. खुनी ग्रेगरीच असतो, पण ज्यासाठी खून केला ती रत्नं त्याला मिळालेली नसतात. घरात शिरायला मिळावं म्हणून तो पॉलाशी लग्न करतो. रोज रात्री ‘कामाला जातो’ म्हणून बाहेर पडतो, शेजारच्या रिकाम्या घरातून छपरावर चढतो आणि आपल्याच घराच्या माळ्यावर उतरून मावशीच्या सामानात रत्नं शोधत बसतो. अंधारात शोधता येत नाही, म्हणून माळ्यावरचा दिवा लावतो. घरभर गॅसची नळी एकच, त्यामुळे वरचा दिवा लागला की खालच्या दिव्यांना गॅस कमी पडतो आणि पॉलाच्या खोलीतली ज्योत बारीक होते. वर पावलांचा आवाज येतो. घरातल्यांना विचारावं तर कोणीच दिव्याला हात लावलेला नसतो.

ग्रेगरी मुद्दाम करतो ती कामं वेगळी आहेत. तो तिला एक ब्रूच देतो आणि देतानाच ‘तू वस्तू हरवतेस’ असं बजावतो. मग तिच्या पर्समधून ब्रूच नाहीसा होतो. भिंतीवरची तसबीर गायब होते आणि ती जिथे लपवलेली असते तिथे पॉलालाच शोधायला लावलं जातं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं एक जुनं पत्र नव्हतंच, असं तो तिला सांगतो. गाण्याच्या मैफलीत, चार प्रतिष्ठित माणसांच्या देखत, त्याचं ‘हरवलेलं’ घड्याळ तिच्या पर्समध्ये सापडतं आणि ती तिथेच कोसळून रडते. मैफलीतल्या लोकांना काय दिसतं? एक हळवी, चमत्कारिक बाई आणि तिला सांभाळून घेणारा सोशिक नवरा. तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं, म्हणजे घर मोकळं, हा त्याचा बेत असतो.

या सगळ्यात खोटं बोलणं आहेच, पण ते साधन आहे. ग्रेगरीला ‘ब्रूच हरवला’ हे पटवून द्यायचं नाहीये. त्याला पटवून द्यायचं आहे की पॉलाच्या डोक्याचा भरवसा राहिलेला नाही. एकदा तिने हे मान्य केलं, की पुढच्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं खोटं बोलायची गरज उरत नाही. तिला पावलं ऐकू आली तरी ती स्वतःच म्हणणार, मला भास होत असतील. त्याच्या कटात नसलेले ते मंद दिवेसुद्धा तिच्या मनात तिच्याच वेडाचा पुरावा होऊन बसतात.

साध्या खोट्यात निशाणा असतो घटनेवर. ‘मी तिथे गेलोच नव्हतो’ हे खोटं आहे. गॅसलायटिंगमध्ये निशाणा असतो तुमच्या जाणण्याच्या क्षमतेवर. ‘मी तिथे गेलोच नव्हतो, तुला असलं काहीबाही वाटतं, हल्ली तुझं काही खरं नाही’ इथपर्यंत ते पोचलं, आणि एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, की आपण दुसऱ्या प्रदेशात आलो.

मानसोपचाराच्या जगात हा शब्द आला तो अगदी शब्दशः अर्थाने. १९६९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड या दोन डॉक्टरांनी ‘गॅसलाइट फेनॉमेनन’ या नावाने एक टिपण लिहिलं. घरच्या किंवा जवळच्या माणसांनी एखाद्याला मनोरुग्ण ठरवून इस्पितळात धाडण्याचा घाट घातला, अशी प्रकरणं त्यात होती. म्हणजे तेव्हा शब्दाचा अर्थ होता: धडधाकट माणसाला वेडं ठरवून वाटेतून दूर करणं. पुढे मनोविश्लेषकांनी आणि विवाह-समुपदेशकांनी तो थोडा सैल केला. इस्पितळापर्यंत न जाताही, रोजच्या संसारात एक माणूस दुसऱ्याचा स्वतःच्या आठवणीवरचा आणि समजेवरचा विश्वास पोखरत जातो, ही प्रक्रिया महत्त्वाची मानली गेली. १९८८ मध्ये गॅस आणि निकोल्स (पहिलीचं आडनाव खरंच गॅस आहे, त्यात विनोद नाही) यांनी विवाहबाह्य संबंध लपवणाऱ्या नवऱ्यांच्या संदर्भात हे मांडलं. त्यांच्या लेखात बोचणारी गोष्ट अशी की काही थेरपिस्टही नकळत नवऱ्याच्या बाजूने उभे राहिले होते, कारण बायकोच्या रास्त संशयाला त्यांनी तिच्या स्वभावाचं लक्षण मानलं.

आज अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शब्दकोशात याचा अर्थ साधारण असा दिला आहे: समोरच्याला त्याच्या स्वतःच्या जाणिवा, अनुभव आणि घटनांची समज यांवर शंका घ्यायला लावणं. हा कुठलाही आजार नाही. मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात गॅसलायटिंग नावाचं निदान नाही. ते वागणुकीला दिलेलं नाव आहे.

आता एक प्रकरण जवळून पाहू. रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा समुपदेशकांच्या ओळखीचा असतो.

ती चाळिशीची, सहकारी बँकेत कॅशियर. नवरा खाजगी कंपनीत. एका गुरुवारी रात्री घरातल्या टॅबवर मेसेज येतो: कार्डवरून एका हॉटेलात मोठी रक्कम गेली. नवऱ्याने सांगितलेलं असतं की तो ठाण्याला मीटिंगमध्ये आहे. आल्यावर ती विचारते. तो म्हणतो, “टीमचं जेवण होतं, सोमवारीच सांगितलं होतं तुला.” तिला काही आठवत नाही. “सांगितलं होतं ग, तू भाजी चिरत होतीस.”

इथपर्यंत काहीही असू शकतं. कदाचित त्याने खरंच सांगितलं असेल. कदाचित खोटं बोलत असेल. नवरा-बायकोत अशी शंभर बोलणी होतात आणि ती गॅसलायटिंग नसतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच होतं आणि उत्तर जरा बदलतं. “परत तेच? मागच्या वेळीही तू विसरलीस. परवा गॅसचं बटण चालू ठेवून गेलीस, आठवतंय ना? की तेही नाही?” बटणाची गोष्ट खरी असते. ती एकदा खरोखर विसरली होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: गॅसलायटिंग सगळंच्या सगळं खोट्यावर उभं नसतं. माणसाच्या खऱ्या, किरकोळ चुका गोळा केल्या जातात आणि नको त्या ठिकाणी पुरावा म्हणून मांडल्या जातात. त्या खऱ्या असल्यामुळे तिला नाही म्हणता येत नाही, आणि एक खरी निघाली की बाकीच्याही खऱ्या असतील असं तिलाच वाटायला लागतं.

मग बोलणं घराबाहेर जातं. दिवाळीत नणंद हळूच म्हणते, “वहिनी, दादा काळजीत आहे हो. तुमची झोप होत नाही म्हणे. एकदा दाखवून घ्या ना कुणाला तरी.” नणंदेच्या मनात काळंबेरं नाही, ती प्रेमानेच बोलते. पण आता वहिनी कोणाकडे गेली आणि म्हणाली की माझा नवरा खोटं बोलतो, तर ऐकणाऱ्याच्या मनात आधीच उत्तर तयार आहे. सिनेमातल्या मैफलीत झालं तेच हे, फक्त फराळाच्या ताटांसमोर.

वर्षभरात तिच्यात बदल होतो. घरातून निघताना ती शेगडीच्या बटणांचा फोटो काढते. कुठलीही गोष्ट सांगताना “माझं चुकत असेल, पण” ने सुरुवात करते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादी गोष्ट झाली की नाही हे ती त्यालाच विचारायला लागते. ज्याच्यामुळे घोळ सुरू झाला तोच आता तिचा संदर्भग्रंथ. मानसशास्त्राच्या अर्थाने गॅसलायटिंग इथे पूर्ण झालं. ती त्याच्याशी वाद घालत होती तोवर तिचा तोल शाबूत होता. वाद थांबले तेव्हा घरात शांतता आली आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसू लागलं.

ती समुपदेशकाकडे जाते तेव्हा तक्रार काय सांगते? नवऱ्याची नाही. “मला विसरायला होतं. मी उगाच संशय घेते. माझ्यामुळे घरात कटकट होते.” वरवर ऐकणारा नैराश्य किंवा चिंतेचं निदान करून मोकळा होईल, आणि ती लक्षणं खरीही असतील. अनुभवी समुपदेशक मात्र एक साधा प्रश्न विचारेल: हे विसरणं कुठे कुठे होतं? बँकेत ती दिवसभर लोकांचे पैसे मोजते, संध्याकाळी कॅश जुळते. खातेदारांची नावं पाठ. मुलाच्या परीक्षेच्या तारखा पाठ. विसर पडतो तो एकाच माणसाशी झालेल्या बोलण्यांचा, आणि तेही त्याला अडचणीच्या असलेल्याच. स्मरणशक्तीचा खरा आजार असा माणूस बघून येत नाही. याने काही सिद्ध होत नाही, कारण ताणामुळेही घरात चित्त थाऱ्यावर नसतं. पण चौकशी कुठल्या दिशेने न्यायची ते कळतं.

नवरा हे सगळं आखून करतो का? ग्रेगरीसारखा बेत क्वचितच असतो. बहुतेकदा माणसाला आपलं एक लपवायचं असतं किंवा ‘मी चुकतो’ हे सहन होत नसतं, आणि समोरच्याची आठवण मोडीत काढणं हा सोपा मार्ग सापडतो. एकदा चालला की तो पुन्हा वापरला जातो. त्यामुळे ‘त्याच्या मनात तसं नव्हतं’ हे खरं असलं तरी तिच्यावर होणारा परिणाम कमी होत नाही. माझ्या मते हेतूच्या चर्चेत फार वेळ घालवू नये, कारण हेतू कोणाला दिसत नाही आणि नमुना दिसतो: पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने, आणि प्रत्येक वेळी तिच्या डोक्यावर बोट.

दिशा हा शब्द मी मुद्दाम वापरला. पेज स्वीट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की गॅसलायटिंग दोन समान बळाच्या माणसांत सहसा टिकत नाही. ज्याच्याकडे पैसा, घर, ओळखीपाळखी किंवा समाजाचे आयते समज असतात, त्याचं म्हणणं चिकटतं. बायका भावनेच्या भरात वाहवतात, हा समज आधीच हवेत असल्यामुळे ‘ती जरा तशीच आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पुरुषांच्या बाबतीत हे होत नाही असं नाही. म्हाताऱ्या वडिलांना ‘तुम्हाला आता काही समजत नाही’ म्हणत त्यांच्याच खात्यातल्या पैशांबद्दल गोंधळात टाकणारी मुलं आपल्या आसपास असतात.

आता रोजच्या बोलण्याकडे येऊ. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने ‘गॅसलायटिंग’ हा वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. त्यांच्या संकेतस्थळावर त्याचा शोध एका वर्षात १७४० टक्क्यांनी वाढला होता. त्यांनीच हेही नोंदवलं की आता हा शब्द ‘स्वतःच्या फायद्यासाठी एखाद्याची घोर दिशाभूल करणं’ अशा सैल अर्थानेही वापरला जातो. तेव्हा सैल अर्थ वापरणाऱ्याला ‘तुझं मराठी, इंग्रजी चुकलं’ म्हणण्यात अर्थ नाही. राजकारण्याने काल म्हटलेलं आज नाकारलं आणि लोकांनी त्याला गॅसलायटिंग म्हटलं तर कोणाचं काही बिघडत नाही. घरातल्या, मैत्रीतल्या, ऑफिसातल्या भांडणात मात्र बिघडतं.

कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला लिहिते, “आई मला गॅसलाइट करते.” काय झालं? तिने सांगितलं की काकांचं बोलणं लागलं, आणि आई म्हणाली, “एवढं काय त्यात, मनाला लावून घेऊ नकोस.” आईचं चुकलंच. मुलीचं दुखणं तिने किरकोळीत काढलं. पण काका तसं बोलले हे आई नाकारत नाहीये, मुलीच्या कानांवर शंका घेत नाहीये. याला भावना झटकून टाकणं म्हणा, आणि त्यावर भांडाही. त्यासाठी आईशी पुन्हा बोलता येतं: मला सल्ला नको होता, फक्त ऐकून घ्यायला हवं होतंस. मराठी घरांत हे वाक्य बोलायला जड जातं, हे मान्य. पण बोलायची वाट आहे.

साहेबाने मीटिंगमध्ये म्हटलं, “मी शुक्रवारची मुदत दिली होती,” आणि तुम्हाला पक्कं आठवतंय की सोमवारची. हेही बहुतेक वेळा गॅसलायटिंग नसतं, आणि त्याचं कारण माणसाच्या स्मरणशक्तीत आहे. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झालं. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकारी निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा कुठे होतात, कोणी सांगितली, काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. अनेकांची नवी उत्तरं त्यांच्याच जुन्या कागदाशी जुळली नाहीत, काहींची तर पूर्णच वेगळी होती, आणि तरीही सांगणारे ठाम होते. तेव्हा दोन प्रामाणिक माणसं एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्या छातीठोकपणे सांगू शकतात. साहेब ईमेल दाखवल्यावर “अरे हो, सोमवारच” म्हणाला तर विषय संपला. ईमेल दाखवूनही तो “तुला नेहमीच असं होतं, सगळ्यांना माहीत आहे” म्हणाला, आणि महिन्यात चारदा म्हणाला, तर मग नोंद ठेवायला लागा. पुरावा समोर आल्यावर माणूस काय करतो, ही ओळखण्याची बऱ्यापैकी चांगली जागा आहे. विसरलेला माणूस थोडा ओशाळतो. मतभेद असलेला आपला मुद्दा मांडतो. गॅसलायटिंग करणारा पुराव्यावरून विषय तुमच्यावर आणतो: तू माझे मेसेज जपून ठेवतेस? ही काय विकृती आहे?

एक उलटा प्रसंगही आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. डिमेन्शिया असलेल्या आजी म्हणतात, “माझ्या पाटल्या सुनेने घेतल्या.” पाटल्या त्यांनीच तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असतात. वस्तू सापडली नाही की कोणीतरी चोरली असं वाटणं हे या आजारात वारंवार दिसणारं लक्षण आहे. सून “मी नाही घेतल्या, तुम्हीच कुठेतरी ठेवल्यात” म्हणते तेव्हा तिची वाक्यं हुबेहूब गॅसलायटिंगची असतात, आणि तरी ती खरं बोलत असते. नुसतं वाक्य ऐकून निर्णय देता येत नाही तो यासाठी. आजींच्या बाबतीत गोंधळ सगळीकडे असतो: दुकानात, देवळात, नातवाच्या नावात. तपासणीत तो दिसतो, आणि म्हणून इथे डॉक्टरकडे नेण्याचा सल्ला खरोखर काळजीपोटीचा असतो. सुनेने वाद घालू नये, पाटल्या शोधायला बरोबर बसावं, एवढंच डॉक्टर सांगतात.

शब्द सैल झाल्याचा सगळ्यात मोठा तोटा मला वाटतो तो असा की तो आता करणाऱ्याच्याही हातात आला आहे. वरच्या प्रकरणातला नवरा आज सरळ म्हणेल, “कार्डचे मेसेज दाखवून तूच मला गॅसलाइट करतेस.” आणि ती गप्प होईल, कारण स्वतःवर शंका घ्यायची सवय तिला आहे, त्याला नाही.

दुसरा तोटा उपायाचा. गैरसमज, विसर, झटकून टाकणं यांवर उपाय म्हणजे आणखी बोलणं, शांतपणे, दोघांनी मिळून. खऱ्या गॅसलायटिंगमध्ये हाच उपाय उलटतो. ती जितकं समजावायला जाते तितकी आपल्या आठवणीची पावती त्याच्याकडून मिळवायला धडपडते, आणि पावती द्यायची की नाही हे त्याच्या हातात राहतं. म्हणूनच छळ चालू असताना जोडप्याला एकत्र बसवून समुपदेशन करण्याबाबत जाणकार सावध असतात. त्या खोलीतही तो काळजीवाहू आणि ती गोंधळलेली दिसते. आधी तिच्याशी एकटीशी बोलावं लागतं.

तिथे कामाला येते ती बाहेरची एक नजर. सिनेमात डिटेक्टिव्ह पॉलाच्या खोलीत बसलेला असताना ज्योत बारीक होते आणि तो म्हणतो की हो, मलाही दिसतंय. तिला बरं वाटायला तेवढं पुरतं. गोष्टीतली सोय वाटेल ही, पण प्रयोगातही तसंच दिसलं. सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या प्रयोगात एका रेघेएवढी लांब रेघ तीनमधून ओळखायची होती, उत्तर डोळ्यांना लख्ख दिसणारं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले, ते एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. सुमारे तीन-चतुर्थांश लोक एकदा तरी त्यांच्यामागे गेले. मात्र खोलीत एकच माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला, तर बहुमताचा प्रभाव साधारण पाव भागावर आला. फक्त एक माणूस.

म्हणून समुपदेशक बऱ्याचदा दोन गोष्टी सुचवतात. एक, नवऱ्याच्या गोतावळ्याबाहेरचं एक माणूस निवडा, बहीण असेल, बँकेतली मैत्रीण असेल, आणि प्रसंग झाल्यावर लगेच तिला सांगा, महिन्यांनी नव्हे. दुसरी, लिहून ठेवा, आणि लिहिताना निष्कर्ष लिहू नका. ‘आज परत गॅसलाइट केलं’ ही नोंद निरुपयोगी. ‘गुरुवार, रात्री पावणेअकरा. मी विचारलं हॉटेलचं काय. तो म्हणाला सोमवारी सांगितलं होतं. सोमवारी मी सातपर्यंत बँकेत होते, स्वयंपाक आईने केला’ ही नोंद सहा महिन्यांनीही बोलते. वही घरात ठेवणं धोक्याचं असेल तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, किंवा त्या मैत्रिणीच्या फोनवर. वहीचा एक फायदा दुसऱ्या बाजूनेही आहे. काही वेळा दोन महिने लिहिल्यावर असंही दिसतं की नमुना काही नाही, दोघंही दमलेले आहेत आणि दोघंही विसरतात. तेही कळलेलं बरं.

‘त्याला तोंडावर सांग की तू गॅसलायटिंग करतोस’ हा सल्ला इन्स्टाग्रामवर भरपूर मिळतो. मला तो पटत नाही. ज्याला तुमची समज अमान्य आहे तो तुम्ही दिलेलं लेबल का मान्य करेल? आणि घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर असं तोंडावर बोलणं धोक्याचं ठरू शकतं.

कायद्याचं थोडक्यात. भारतात गॅसलायटिंग नावाचा गुन्हा नाही, पण २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक इजेबरोबर मानसिक आरोग्याला पोचवलेली इजा धरली आहे, आणि शाब्दिक व भावनिक छळाचा स्वतंत्र उल्लेख आहे. या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयात तो इंग्रजी शब्द उपयोगी पडत नाही. तारीख, वाक्य, कोण हजर होतं, हे उपयोगी पडतं. महिलांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. आणि ‘तुला वेड्यांच्या इस्पितळात टाकीन’ अशी धमकी ज्यांना मिळते त्यांनी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माहीत करून घ्यावा. माणसाला त्याच्या इच्छेशिवाय दाखल करायचं तर नातेवाइकाच्या सांगण्यावर भागत नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याचा व्यावसायिक, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. शिवाय कोणाला मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून तो माणूस कायद्याने वेडा ठरत नाही. तसं ठरवायचा अधिकार फक्त सक्षम न्यायालयाला आहे, नवऱ्याला नाही आणि दिवाळीला जमलेल्या नातेवाइकांनाही नाही.